डब्यातली स्पॅनिश चिठ्ठी कुणाच्या आवाजात?

"नवरा अर्जेंटिनाचा. तो घरात स्पॅनिश बोलतो, मी मराठी. मुलगी सात वर्षांची. तिला स्पॅनिश सगळं समजतं, पण उत्तर मराठीतच देते. महिनाभर झाला, मी तिच्या डब्यात उत्तेजन देणाऱ्या छोट्या स्पॅनिश चिठ्ठ्या ठेवते. वाक्यं फोनवर भाषांतर करून घेते. परवा म्हणाली, 'आई, बाबा असं नाही बोलत. आणि यात तू मुलगा झालीयेस.' आता चिठ्ठ्या घडीसुद्धा न मोडता परत येतात. काय लिहू, किती लिहू, की बंदच करू?"

बंद करू नका. दोन भाषांच्या घरांतल्या मुलांना मी गेली अनेक वर्षं स्पॅनिश शिकवते, आणि सात वर्षांच्या मुलीने अशी तक्रार केली तर मला आनंदच होतो. जी मुलगी स्पॅनिशमध्ये तोंड उघडत नाही, तिने दोन चुका नेमक्या जागी धरल्या आहेत. तिचा कान पक्का आहे. चिठ्ठी मात्र त्या कानाला परकी वाटतेय, म्हणून घडी मोडली जात नाही.

आधी 'तू मुलगा झालीयेस' हे काय ते पाहू. तुम्ही फोनला बहुधा 'मला तुझा अभिमान वाटतो' असं दिलं असणार आणि त्याने 'एस्तोय ओर्गुयोसो दे ती' असं दिलं असणार. यातला 'ओर्गुयोसो' म्हणजे अभिमान वाटणारा, आणि हे विशेषण लिहिणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. बाबांनी लिहिलं तर शेवटी ओ, तुम्ही लिहिलं तर शेवटी आ, म्हणजे 'ओर्गुयोसा'. दोघांनी मिळून लिहिलं तर 'एस्तामोस ओर्गुयोसोस'. समोर मुलगा आहे की मुलगी, याचा इथे काहीही संबंध नाही. आपल्याला हे चटकन लक्षात येत नाही, कारण मराठीत लिंग क्रियापदात दिसतं: मी आलो, मी आले. 'अभिमान वाटतो' यात बोलणाऱ्याचं लिंग कुठेच येत नाही. स्पॅनिशमध्ये उलटं आहे. क्रियापद बाई-पुरुष दोघांना एकच, आणि लिंग विशेषणाच्या शेपटाला. फोनला कोण लिहितंय हे माहीत नसतं, म्हणून तो सहसा पुल्लिंगी रूप देतो.

'बाबा असं नाही बोलत' ही तक्रार त्याहून महत्त्वाची. 'तू करू शकतेस' यासाठी फोन 'तू पुएदेस' देतो. हा 'तू' आणि आपला 'तू' एकाच मुळातून आलेले आहेत, जवळच्या माणसासाठीच वापरायचे, त्यामुळे तुम्हाला ते वाक्य अगदी बरोबर वाटलं असेल. व्याकरणात बरोबर आहेच. पण अर्जेंटिनात घरात 'तू' म्हणत नाहीत, 'बोस' म्हणतात, आणि त्याबरोबर क्रियापदही बदलतं: 'बोस पोदेस', जोर शेवटच्या 'दे'वर. 'तू आहेस' हे 'एरेस' नव्हे, 'सोस'. 'तुझा अभिमान' यातलं 'दे ती' तिथे 'दे बोस' होतं. तुमच्या मुलीने जन्मापासून 'पोदेस', 'सोस', 'दे बोस' हेच ऐकलंय. तिच्या दृष्टीने डब्यातली चिठ्ठी कुठल्या तरी अनोळखी माणसाने लिहिलेली आहे. बाबा कोलंबियाच्या काही भागांतला असता तर तो लेकीला प्रेमाने 'उस्तेद' म्हणाला असता, म्हणजे आपल्या 'तुम्ही'सारखं, आणि तिला तेच घरचं वाटलं असतं. त्यामुळे पुस्तकातली किंवा फोनवरची 'योग्य' स्पॅनिश इथे कामाची नाही.

या सगळ्यातून माझा एकच नियम निघतो, आणि मी प्रत्येक घराला तोच सांगते. डब्यात जायचं ते वाक्य मुलीने त्या माणसाच्या तोंडून आधी ऐकलेलं असलं पाहिजे. चिठ्ठी म्हणजे धडा नव्हे. घरात रोज कानावर पडणारं वाक्य शाळेत, बाबा जवळ नसताना, कागदावर भेटतं, एवढंच तिचं काम. नवे शब्द शिकवायला दिवसभर दुसऱ्या जागा आहेत.

म्हणून उद्यापासून एक आठवडा चिठ्ठी ठेवूच नका. एक छोटी वही घ्या आणि नवरा लेकीशी काय बोलतो ते ऐकून टिपून ठेवा. बूट घालताना काय म्हणतो, दारातून निरोप देताना काय म्हणतो, गुडघा खरचटला की काय म्हणतो, गणित सुटलं की काय म्हणतो, झोपताना काय म्हणतो. तुम्हाला स्पेलिंग येत नसेल तर देवनागरीत उतरवा आणि रात्री त्याच्याकडून नीट लिहून घ्या. आठवड्यात पंधरा-वीस वाक्यं सहज जमतात, आणि ती फोनच्या वाक्यांपेक्षा फार वेगळी असतात. बहुतेक अर्जेंटिनी बाप 'दाले!' म्हणतात, म्हणजे 'चल, कर!'. मेक्सिकोचा बाप तिथे 'एचाले गानास' म्हणेल, म्हणजे 'मन लावून कर', आणि स्पेनचा 'बेंगा!' म्हणेल. जेवणाच्या वेळी अर्जेंटिनात 'बुएन प्रोबेचो' म्हणतात, स्पेनमध्ये 'के आप्रोबेचे'. तुमच्या घरात जे आहे तेच घ्या.

शक्य असेल तर चिठ्ठी त्यानेच लिहावी, स्वतःच्या अक्षरात. तो सकाळी लवकर निघत असेल तर रविवारी रात्री तीन-चार लिहून ठेवू शकतो. तुम्हीही लिहू शकता, पण स्वतःच्या नावाने लिहायचं तर मराठीत लिहा. तुमच्या तोंडून मुलीला मराठीच ऐकायची सवय आहे, आणि आईची मराठी चिठ्ठी बाबांच्या स्पॅनिश चिठ्ठीइतकीच मोलाची आहे. एका दिवशी दोन्ही नकोत.

आता उत्तेजनाच्या शब्दांविषयी. इथे दोन ठिकाणी घसरायला होतं.

पहिलं 'आनिमो'. भाषांतरात हा शब्द सारखा येतो आणि चिठ्ठीवर गोंडस दिसतो. पण 'आनिमो' आपण 'धीर धर', 'हिंमत ठेव' म्हणतो तशा वेळी म्हणतात, समोर काही अवघड असेल किंवा काही बिघडलं असेल तेव्हा. साध्या मंगळवारी डब्यात 'आनिमो' निघालं तर मुलाला वाटतं, आज काय होणार आहे? माझ्याकडच्या एका मुलीने अशी चिठ्ठी वाचून शिक्षिकेला विचारलं होतं, 'आज परीक्षा आहे का?' साध्या दिवसासाठी 'के तेंगास उन बुएन दीआ' आहे, म्हणजे 'तुझा दिवस छान जावो'. हे वाक्य घराघरांत दारात म्हटलं जातं. आणि गंमत म्हणजे 'तू' म्हणणाऱ्या देशांत आणि 'बोस' म्हणणाऱ्या देशांत ते एकसारखंच आहे, तिथे फोनही चुकणार नाही. यातलं 'बुएन' पाहून मुलगी कदाचित विचारेल की 'दीआ'च्या शेवटी आ आहे, मग 'बुएना' का नाही. 'दीआ' हा शब्द पुल्लिंगी आहे, एवढं सांगून सोडून द्या.

दुसरं म्हणजे 'हुशार'. 'तू हुशार आहेस' यासाठी 'सोस लिस्ता' (फोनवर 'एरेस लिस्ता') येतं. स्पॅनिशमध्ये 'असणं' यासाठी दोन क्रियापदं आहेत, 'सेर' आणि 'एस्तार', आणि इथे त्यांनी अर्थ पार बदलतो. 'सोस लिस्ता' म्हणजे तू हुशार आहेस. 'एस्तास लिस्ता' म्हणजे तू तयार आहेस. मला दुसरं जास्त आवडतं, आणि ते केवळ भाषेमुळे नाही. 1998 साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. ज्या मुलांना 'तू हुशार आहेस' म्हणून शाबासकी मिळाली, ती पुढचं कोडं अवघड निघाल्यावर लवकर नाउमेद झाली. ज्यांना 'तू मेहनत घेतलीस' असं म्हटलं गेलं, ती टिकून राहिली. डब्यातली चिठ्ठी शाळेत वाचली जाते, जिथे दिवसातून चार वेळा काहीतरी चुकतं. तिथे 'हुशार' हा शब्द खिशात घेऊन फिरणं मुलाला जड जातं. 'एस्तास लिस्ता', तुझी तयारी झाली आहे, हे एखाद्या विशिष्ट दिवसाबद्दलचं, खरं असलेलं वाक्य आहे. मुलगा असेल तर 'लिस्तो'. इथे विशेषण मुलाच्या लिंगाप्रमाणे चालतं, मघाच्या 'ओर्गुयोसो'सारखं लिहिणाऱ्याच्या नाही. धीट मुलासाठीचा 'बालिएंते' दोघांना एकच राहतो.

लांबी दोन ते सहा शब्द, एक ओळ. मधली सुट्टी छोटी असते, एक हात जेवणात असतो, शेजारी मैत्रीण डोकावत असते. या वेळात सात वर्षांचं मूल परिच्छेद वाचत नाही. आठवड्यातून दोन किंवा तीन चिठ्ठ्या, ठरावीक वार न ठेवता. रोज आली की ती डब्याच्या झाकणासारखी होते, दिसतच नाही. कागद अन्नाला लागता कामा नये, आणि गरम डब्याच्या झाकणाखाली वाफ धरते. जेल पेनची अक्षरं त्यात पसरतात. पेन्सिल किंवा साधं बॉलपेन वापरा आणि चिठ्ठी डब्याच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा.

लिहिताना वरच्या खुणा गाळू नका. आपल्याला त्या शोभेच्या वाटतात, पण तिथेच अर्थ फिरतो. 'पापा'च्या शेवटच्या ए अक्षरावर तिरकी रेघ असली तर बाबा. नसली तर बटाटा किंवा पोप. 'मामा'वरची रेघ गेली तर अर्थ 'स्तन' होतो. 'बोस पोदेस'मधल्या ई वरची रेघ गेली तर 'पोदेस' हे झाडाची छाटणी करण्याच्या क्रियापदाचं रूप होतं. एन अक्षरावरची नागमोडी रेघ तर वेगळं अक्षरच बनवते. 'आन्यो' म्हणजे वर्ष, आणि ती रेघ विसरलात तर 'आनो' म्हणजे गुदद्वार. वाढदिवसाच्या चिठ्ठीत हे नको. उद्गारवाचक वाक्याच्या सुरुवातीला उलटं उद्गारचिन्ह आणि प्रश्नाच्या सुरुवातीला उलटं प्रश्नचिन्हही लिहा. नुकतं वाचायला लागलेल्या मुलाला त्याचा खरा उपयोग होतो, कारण वाक्य कोणत्या सुरात वाचायचं ते त्याला आधीच कळतं.

मुलगी शाळेत रोमन अक्षरं इंग्रजीतून शिकली असेल तर सुरुवातीला एक अडचण येईल. 'ओय' म्हणजे आज. हा शब्द लिहिताना सुरुवातीला एच असतो आणि तो स्पॅनिशमध्ये मुका असतो. ती 'हॉय' वाचेल आणि ओळखीचा शब्द तिला अनोळखी वाटेल. 'के' हा शब्द ती 'क्वी' वाचेल. म्हणून पहिल्या दोन-तीन चिठ्ठ्या डब्यात जाण्याआधी रात्री बाबांनी तिच्यासमोर लिहाव्यात आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाव्यात. पुढे ते लागत नाही. पाच स्वरांचे पाच ठरलेले उच्चार असल्याने स्पॅनिश वाचायला लवकर जमते.

हे सगळं प्रत्यक्षात कसं चालतं ते एका घरातून सांगते. तिथेही आई मराठी, वडील अर्जेंटिनाचे, मुलगा आठ वर्षांचा, आणि तोही मराठीतच उत्तर देणारा. शाळेत दर बुधवारी पोहणं असायचं आणि त्याला खोल बाजूला उडी मारायची भीती वाटायची. आईने 'तू शूर आहेस' अशा अर्थाच्या चिठ्ठ्या ठेवून पाहिल्या होत्या. मुलगा म्हणाला, 'मी शूर नाहीये ना, म्हणून तर उडी मारत नाही.' मी वडिलांना विचारलं, सुट्टीत तलावाच्या काठावर तुम्ही त्याला काय म्हणता? ते म्हणाले, 'रेस्पिरा ओन्दो', दीर्घ श्वास घे. बस, तेच लिहा म्हटलं.

सोमवारी डब्यात तेवढेच दोन शब्द गेले. 'रेस्पिरा'च्या शेवटच्या आ वर रेघ, कारण 'बोस'च्या आज्ञार्थात जोर तिथे येतो. मंगळवारी काही नाही. बुधवारी 'ओय ते तोका आ बोस', आज तुझी पाळी, आणि खाली पुन्हा 'रेस्पिरा ओन्दो. पापा'. त्या दिवशी त्याने उडी मारली नाही. संध्याकाळी आईला वाटलं, आता गुरुवारी 'पुढच्या वेळी नक्की' असं काहीतरी लिहावं. मी नको म्हटलं. त्यातून पहिला अर्थ 'या वेळी जमलं नाही' हाच निघतो. मुलाला विचारल्यावर कळलं होतं की तो शिडीवरून खोल बाजूला स्वतःहून उतरला होता, कुणाचा हात न धरता. वडिलांनी गुरुवारी लिहिलं, 'बाखास्ते ला एस्कालेरा सोलो', शिडी एकटा उतरलास. यात शाबासकीचा शब्द एकही नाही. फक्त घडलेली गोष्ट आहे, आणि बाबांच्या ती लक्षात आली आहे हे आहे. मुलगी असती तर शेवटचा शब्द 'सोला'.

ती चिठ्ठी परत आली तेव्हा मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं होतं: 'बोय आ साल्तार पापा', मी उडी मारणार आहे बाबा. त्याने स्वतःहून लिहिलेलं ते पहिलं स्पॅनिश वाक्य. 'बोय' हा शब्द व्ही आणि वाय घालून लिहितात. त्याने बी आणि आय घालून लिहिला होता. 'पापा'वरची रेघ नव्हती. आईने मला तो कागद काळजीने दाखवला, आणि मी तो मुद्दाम जपून ठेवायला सांगितला. स्पॅनिशमध्ये बी आणि व्ही यांचा उच्चार एकच आहे, म्हणून ही चूक फक्त कानाने लिहिणाऱ्याचीच होते. तुमच्या मुलीने कधी 'ग्रासियास'मध्ये सी ऐवजी एस लिहिला, तर तोही बाबांचाच उच्चार समजा. अर्जेंटिनात दोन्ही अक्षरं तिथे 'स'च आहेत. वडील स्पेनच्या उत्तरेकडचे असते तर त्या सीचा उच्चार जीभ दातांत धरून होतो, आणि मुलाने सहसा एस लिहिला नसता.

तो कागद लाल पेनने सुधारला नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांनी उत्तर लिहिलं: 'बास आ साल्तार? यो बोय आ एस्तार आई. पापा', उडी मारणार? मी तिथे असेन. त्यात 'बोय' बरोबर स्पेलिंगने आला आणि 'पापा'वर ठसठशीत रेघ आली. चूक दाखवायची ती अशी, उत्तरातून. शेवटचा 'आई' म्हणजे स्पॅनिशमध्ये 'तिथे'. मुलाला त्याचं फार हसू आलं आणि घरी येऊन त्याने आईला विचारलं, 'मग तू पण येणार का?' वडील कामावरून सुट्टी घेऊन खरंच गेले. जे पाळता येणार नाही ते चिठ्ठीत लिहू नका, ती कागदावर राहते.

उडी आणखी तीन बुधवारांनी झाली. 'बोय' व्हीने लिहायला तो त्याआधीच लागला होता. 'पापा'वरची रेघ यायला त्याला पुढचे चार-पाच महिने लागले, आणि तोवर आम्ही कुणीही ती काढून दाखवली नाही.

तुमच्या मुलीच्या बाबतीत दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. ती चिठ्ठी घेऊन तुमच्याकडे अर्थ विचारायला आली तर त्यात तिने न ऐकलेले शब्द जास्त झालेत. पुढची वहीतली साधी निवडा. आणि घरी आल्यावर 'वाचलीस का?' असं विचारू नका, 'काय लिहिलं होतं सांग' तर मुळीच नको. घडी मोडलेली आहे की नाही हे कागद सांगतोच. चिठ्ठी घरीच येत नसेल, तर ती बहुतेक दप्तराच्या आतल्या कप्प्यात जमवत असेल. तिथे हात घालू नका. मैत्रिणींसमोर लाजत असेल आणि नको म्हणाली, तर डबा सोडून पेन्सिलच्या पाकिटात ठेवून बघा. आणि परतीच्या उत्तरासाठी कागदाची मागची बाजू कोरी ठेवा, त्यावर रेघा किंवा रिकाम्या जागा आखू नका.